फ्रँचायझी की स्वतःची शाखा: मिसळीच्या दुकानाचा हिशोब

"आमचं मिसळीचं दुकान चांगलं चाललंय. आठवड्याला दोघं-तिघं येऊन फ्रँचायझी मागतात. देऊन टाकू, की स्वतःच दुसरी-तिसरी शाखा काढू? कशात दुकान आपल्या हातात जास्त राहील?"

आधी एक गोष्ट तपासा. तुमची चव पाकिटात मावते का? चव मसाल्यात असेल तर फ्रँचायझीचा विचार करता येतो. ती आचाऱ्याच्या हातात असेल तर स्वतःच्या शाखांशिवाय मार्ग नाही, आणि त्याही हळूहळूच काढाव्या लागतात.

बहुतेक दुकानांत रश्शाचा जीव कांदा-खोबऱ्याच्या ओल्या वाटणात असतो. ते रोज ताजं करावं लागतं, बाहेर दिवसभरही नीट टिकत नाही आणि प्रत्येकाच्या हातून वेगळं होतं. म्हणून पहिलं काम म्हणजे हे वाटण सुकं करणं: कडकडीत तळलेला कांदा आणि भाजलेलं सुकं खोबरं खड्या मसाल्यात दळून घ्यायचं. चव थोडी बदलते, ती प्रमाणं हलवून परत जागेवर आणावी लागते. खोबऱ्याच्या तेलामुळे असा मसाला लवकर खवट होतो, तेव्हा पाकीट लहान ठेवा. 500 ग्रॅमचं एक पाकीट, त्यात 50 प्लेट, म्हणजे प्लेटमागे 10 ग्रॅम मसाला आणि वाढीव रस्सा धरून साधारण 200 मिली रस्सा. तेल, मीठ, आलं-लसूण आणि पाणी जागेवर, पण मापाने.

आता ते पाकीट आणि एका पानावर लिहिलेली कृती अशा माणसाला द्या, ज्याने तुमच्याकडे कधी काम केलेलं नाही. स्वयंपाकघर दुसरं, पाणी दुसरं, आणि तुम्ही तिथे नाही. सलग चार दिवस करून घ्या आणि तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकांना चाखायला द्या. कुठे फसतं ते लगेच कळतं. तेल जास्त तापलं तर मसाला करपतो, रस्सा काळपट आणि कडसर होतो. बोअरचं जड पाणी असेल तर मटकी शिजूनही टणक राहते. सगळ्यात जास्त चुकतं ते पातेल्यात: सकाळी सातला चढवलेला रस्सा दहापर्यंत आटतो, खारट होतो, मग आचारी अंदाजाने पाणी ओततो आणि अकरानंतरच्या गिऱ्हाइकाला पांचट रस्सा मिळतो. पातेल्याला आतून रेघ मारून त्या रेघेपर्यंतच उकळतं पाणी घालायचा नियम केला की हा दोष बराच जातो. चौथ्या दिवशीही चव जुळत नसेल तर फ्रँचायझीचा विषय तिथेच सोडा.

चव जुळली, की प्रश्न पैशाचा. समजा पुण्याच्या उपनगरात एक शाखा आहे. जीएसटी सोडून प्लेट 100 रुपये, रोज 250 प्लेट, महिन्याची विक्री साडेसात लाख. कच्चा माल 35 टक्के धरला तर 2,62,500. पगार 1,35,000, भाडं 90,000, गॅस-वीज-पॅकिंग 60,000 आणि किरकोळ 22,500. खर्च एकूण 5,70,000, उरतात 1,80,000. हे उत्तम दिवसांचं चित्र. रोजच्या प्लेट 160 वर आल्या तर विक्री 4,80,000 होते, पण भाडं तेवढंच राहतं आणि पगार फार तर 1,20,000 पर्यंत उतरतो. माल 1,68,000, गॅस वगैरे 42,000, किरकोळ 20,000. उरतात फक्त 40,000.

आता हेच दुकान फ्रँचायझीवाल्याचं आहे आणि तुम्ही विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी लावली आहे असं धरा. रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी लागतो. साधं हॉटेल 5 टक्के जीएसटीत असतं आणि त्यात इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, म्हणून हा कर त्याच्याच खिशातून जातो. तुमचे 6 टक्के त्याला 7.08 टक्के पडतात. रोज 250 प्लेट असताना 53,100 रुपये देऊनही त्याच्याकडे सव्वा लाखाच्या वर उरतात, तो खूश असतो. 160 प्लेटला मात्र 33,984 रुपये गेल्यावर त्याच्या हातात जेमतेम 6,000 राहतात. त्या महिन्यापासून काही प्लेट बिलाबाहेर जायला लागतात. माणूस लबाड होता असं पुष्कळदा नसतं. करारातली टक्केवारी मंदीच्या महिन्यात त्याला श्वास घेऊ देत नव्हती. रॉयल्टी ठरवताना चांगल्या महिन्याचा आकडा समोर ठेवू नका, वाईट महिन्याचा ठेवा.

फ्रँचायझीत सगळ्यात आधी गल्ला तुमच्या हातातून सुटतो. बिलिंग मशीन तुमचं असलं, तुमच्या फोनवर विक्री दिसत असली, तरी न मारलेलं बिल त्यात दिसत नाही. म्हणून कमाईचा एक भाग मसाल्यात ठेवणं शहाणपणाचं. रॉयल्टी 3 टक्के आणि पाकिटामागे 100 रुपये मार्जिन असं धरा. 7,500 प्लेटला 150 पाकिटं, म्हणजे 15,000, आणि रॉयल्टीचे 22,500. तुम्हाला 45,000 ऐवजी 37,500 मिळतात, पण लपवायचं कारण निम्मं होतं. मसाल्यावर जीएसटीही 5 टक्केच. मार्जिन फार वाढवू नका. पाकीट बाजारातल्या मसाल्याच्या दुप्पट दराने पडायला लागलं, की फ्रँचायझीवाला स्वतःच्या घरी कांडप सुरू करतो.

पाकिटांमुळे दुसराही फायदा होतो, ती विक्रीची मोजपट्टी बनतात. महिन्याच्या सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक धरून 140 पाकिटं वापरली असतील, तर 7,000 प्लेट व्हायला हव्यात. बिलात 5,200 दिसत असतील तर 1,800 प्लेट बिलाबाहेर गेल्या. उलटं दिसलं तर जास्त काळजी करा. बिलं 7,500 प्लेटची आणि पाकिटं 105 वापरलेली, म्हणजे 5,250 प्लेटपुरताच मसाला. इथे पैसे बुडत नाहीत, नाव बुडतं. एकतर रस्सा पातळ होतोय किंवा बाहेरचा मसाला येतोय. अशा दुकानात न सांगता जाऊन ताट समोर ठेवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. पाणी घातलेला रस्सा फरसाणाभोवती फिका होऊन वेगळा सुटतो, आणि रंग यावा म्हणून वरून ओतलेल्या तिखटाच्या तेलाचा थर खालच्या रश्शात मिसळतच नाही. तिसरा पुरावा पावाचा. तुमच्या स्वतःच्या दुकानात प्लेटमागे किती पाव जातात, जादा पाव धरून, ते महिनाभर मोजा. समजा 2.4 येतात. बेकरीवाल्याचं बिल या आकड्याशी ताडून पाहिलं, की पाकिटांचा हिशोब खरा की खोटा ते उघडं पडतं.

स्वतःच्या शाखेत गल्ला तुमचा, खरेदी तुमची, आचारी तुमच्या पगारावर. तरीही हात सुटतो, वेगळ्या ठिकाणी. पहिल्या दुकानात तुम्ही उभे असता, म्हणून कांदा कोणी किती भावाने आणला हे न विचारता कळतं. दुसऱ्या शाखेत ते मॅनेजर सांगेल तेवढंच कळतं. फ्रँचायझीवाल्याचे स्वतःचे वीस लाख अडकलेले असतात, त्यामुळे बिघडलेला फ्रीज तो रात्री अकराला दुरुस्त करून घेतो. पगारी मॅनेजर सकाळी तुम्हाला फोन करतो. शिवाय भाड्याच्या करारावर आणि कर्जाच्या कागदावर सही तुमची असते. लॉक-इन तीन वर्षांचा असेल आणि शाखा सहाव्या महिन्यात बसली, तर पुढची अडीच वर्षं ते भाडं पहिलं दुकान भरतं. म्हणून लॉक-इन जागामालकावर पुरा ठेवा, स्वतःवर सहा महिन्यांहून जास्त घेऊ नका. आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या, महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे.

आचाऱ्याचा धोका दोन्हीकडे आहे, पण शाखांमध्ये जास्त, कारण तिथे पाककृती पगारी माणसांबरोबर फिरते. खडे मसाले मोजणारा एक आणि दळणारा दुसरा ठेवला, म्हणजे पूर्ण प्रमाण एकाच माणसाला कळत नाही.

फ्रँचायझी तुटते तेव्हा खरी परीक्षा होते. आपल्याकडे फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही. 1872 चा करार कायदा आणि 1999 चा ट्रेडमार्क कायदा यांवरच सगळं चालतं. करार संपल्यावर "पाच वर्षं मिसळ विकायची नाही" असं कलम लिहून घेतलंत तरी करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते सहसा टिकत नाही. तो पाटी उतरवेल, दुसरं नाव लावेल आणि त्याच जागेत, त्याच गिऱ्हाइकांना मिसळ वाढेल. तुमच्या हातात नाव राहतं, तेही नोंदलेलं असेल तरच. पहिला करार करण्याआधी ट्रेडमार्कचा अर्ज भरा: हॉटेल सेवेसाठी वर्ग 43, मसाल्यासाठी वर्ग 30. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे 4,500 रुपये आहे. "कोल्हापुरी मिसळ" किंवा "झणझणीत मिसळ" अशी वर्णनाची नावं सहसा नोंदवून मिळत नाहीत. दुकानाचा फोन नंबर आणि गूगल मॅप्सवरची नोंद पहिल्या दिवसापासून तुमच्या मालकीची ठेवा, फ्रँचायझीवाल्याला फक्त ती चालवायला द्या.

नाव नोंदलेलं असूनही पाटी लगेच उतरत नाही. मॅकडोनाल्ड्सने ऑगस्ट 2017 मध्ये उत्तर आणि पूर्व भारतातल्या आपल्या भागीदार कंपनीच्या 169 रेस्टॉरंटचे फ्रँचायझी करार रद्द केले, तरी ती चालू राहिली आणि वाद कोर्टात गेला. त्याच डिसेंबरमध्ये माल पुरवणाऱ्या कंपनीने पुरवठा थांबवला, तेव्हा मात्र त्यातली पुष्कळ रेस्टॉरंट बंद ठेवावी लागली. शेवटी 2019 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड होऊन मॅकडोनाल्ड्सने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला.

म्हणूनच करारात मसाल्याचं कलम नीट लिहा. पाकिटं आगाऊ पैसे घेऊनच द्यायची आणि एका वेळी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने पंधरा दिवसांपुरतीच. वाद दिसायला लागला की फ्रँचायझीवाला आधी तीन महिन्यांचा साठा मागवतो आणि मग नोटिशीला उत्तर देतो. पंधरा दिवसांची मर्यादा असेल तर तो साठा होत नाही, आणि करार संपल्यावर उरलेली बंद पाकिटं खरेदी किमतीला परत घेण्याचं कलम ठेवलं तर ती दुसऱ्या नावाखाली शिजतही नाहीत.