आजीच्या अंगठ्याचं नख

मुलाच्या डोक्यावर पट्टी होती आणि पट्टीखाली दोन ठिकाणी चीर दिलेली होती. वय सहा, वजन एकवीस किलो. आईच्या पिशवीत आधीच्या डॉक्टरांचा कागद होता: डोक्यातलं गळू, दोनदा कापून पू काढला, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. सोबत पुवाचा रिपोर्टही होता, त्यात कुठलेच जंतू वाढले नव्हते. तो रिपोर्ट बघूनच खरं तर थांबायला हवं होतं. एवढा पू आणि जंतू एकही नाही, याचा अर्थ आपण भलतंच काही शोधतोय.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. वर्षाकाठी अशी दोन-चार मुलं येतात, आणि त्यातली निम्मी तरी आधी कापून आलेली असतात. कापणाऱ्यावर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. कारण हे ओळखायला चिमटा पुरतो. सुजेवरचा एक केस चिमट्यात धरला आणि हलकेच ओढला. तो लोण्यातून निघावा तसा हातात आला. मुलगा आईच्या मोबाइलवर काहीतरी बघत होता, त्याने मानसुद्धा वळवली नाही. साध्या गळवावरचा केस ओढला असता तर त्याने दवाखाना डोक्यावर घेतला असता. बोटाने दाबलं तर सूज ओल्या स्पंजासारखी लागत होती, आणि पू एका तोंडातून न येता चाळणीतून यावा तसा केसागणिक येत होता. ताप नव्हता. मानेमागे गाठी होत्या.

याला केरिऑन म्हणतात. डोक्यातल्या नायट्याचाच हा प्रकार, फक्त इथे शरीर बुरशीवर एवढं चवताळून उठतं की सगळा भाग पिकतो. तो पू शरीराच्या त्या झुंजीचा असतो, साठून राहिलेल्या घाणीचा नसतो. म्हणून कापून काही साधत नाही, वर व्रण मात्र वाढतो.

नमुना घेताना मी लांब केस घेतच नाही. भिंगाखाली बघून टाळूच्या पातळीला तुटलेले, काळ्या ठिपक्यासारखे दिसणारे खुंट शोधते आणि ब्लेडच्या बोथट बाजूने ते उकरून काढते. बुरशी तिथे असते. काचेवर खुंट, वर केस विरघळवणाऱ्या केओएच द्रावणाचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि वीस मिनिटं थांबायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो केस पारदर्शक होतो आणि आत गोल गोल बीजाणू दिसतात, नळीत साबुदाणा ठासून भरावा तसे. हे दृश्य मला इतक्या वर्षांनीही थांबवतं. केस आतून पोखरलेला असतो, म्हणूनच तो बाहेर आला की लगेच तुटतो.

बीजाणू केसाच्या आत आहेत की बाहेर, यावर औषध ठरतं. आत असतील तर बहुधा ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी, आणि त्याला टर्बिनाफिन चांगलं लागू पडतं. केसाच्या बाहेर खवल्यासारखे चिकटलेले असतील आणि वूड्स दिव्याच्या अतिनील उजेडाखाली टाळू हिरवट चमकत असेल तर मायक्रोस्पोरम, मग मी जुनं ग्रिसिओफल्विन देते, दुधाबरोबर किंवा तुपाच्या घासाबरोबर, कारण स्निग्ध पदार्थाशिवाय ते अंगी लागत नाही. या मुलाचं डोकं दिव्याखाली काळंच राहिलं. वीस ते चाळीस किलोच्या मुलाला टर्बिनाफिन १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या गोळीची अर्धी, रोज एकदा.

आईने विचारलं, "मॅडम, लहान आहे हो. लावायचं काही नाही का? गोळ्या गरम पडतील."

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. अंगावरच्या थोड्याशा नायट्याला मलम पुरतं, कारण तिथे बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात असते. टाळूवर ती केसाला धरून खाली मुळात उतरते, जिथे नवा केस घडतो आहे जवळजवळ तिथपर्यंत. मलम तेवढं खोल पोचत नाही. गोळीतलं औषध रक्तातून मुळाशी येतं आणि केस तयार होतानाच त्यात बसतं, मग वर येणारा केस बुरशीला खाता येत नाही. केटोकोनॅझोलचा शाम्पू मीही देते, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं फेस ठेवून, पण तो घरभर पसरणारे बीजाणू कमी करायला. एकट्या शाम्पूने हा आजार बरा होत नाही.

आठव्या दिवशी आईचा फोन आला. मुलाच्या कपाळावर, कानांवर, पाठीवर बारीक पुरळ आली होती. मेडिकलवाल्याने सांगितलं होतं की गोळीची अ‍ॅलर्जी आहे, बंद करा. आणि तिने बंद केली होती. मी त्याच दिवशी बोलावून घेतलं. ताप नाही, तोंड आलेलं नाही, डोळे-ओठ सुजलेले नाहीत, पोरगं बाकावर उड्या मारत होतं. डोक्यातली बुरशी मरायला लागली की शरीर असं लांबवर पुरळ उठवतं. ही अ‍ॅलर्जी औषधाची नसते, बुरशीची असते. इथे गोळी थांबवणं म्हणजे अर्ध्यावर काम सोडणं. खाज कमी करायचं औषध दिलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. चार दिवसांत पुरळ गेली. काउंटरवर उभं राहून उपचार बंद करायला सांगणाऱ्यांना आपण काय करतोय याची कल्पना नसते, आणि आईबाप त्यांचंच ऐकतात, कारण ते घराजवळ असतात.

सहा आठवड्यांनी टाळू कोरडी झाली. नमुन्यातली बुरशी वाढवून बघण्याचा, म्हणजे कल्चरचा, रिपोर्ट आधीच आला होता: ट्रायकोफायटॉन व्हायोलेशियम. नावाप्रमाणे जांभळी, सुरकुतलेली वसाहत, वाढायला आठवडेच्या आठवडे घेणारी. ही बुरशी कुत्र्या-मांजरांकडून येत नाही, माणसाकडून येते. म्हणून विचारलं, घरात कुणाला डोक्यात कोंडा, केस जाणं? आईने नाही म्हटलं. तिचं डोकं बघितलं, बहिणीचं बघितलं. आजी गावाकडे शेतावर होती. मी पुढे काही बोलले नाही. तिथेच माझी चूक झाली.

तीन महिन्यांनी मुलगा परत आला, या वेळी आजीबरोबर. पू नव्हता, पण जुन्या जागेच्या बाजूला नवे काळे ठिपके होते. मी नमुना घेत असताना आजींनी फीसाठी बटव्याची गाठ सोडायला घेतली, आणि माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठा आणि पहिलं बोट. नखं पिवळट, जाड, पुढून भुगा होऊन उचललेली.

"आजी, हे कधीपासून?"

"मातीचं काम हाय बाई. लई वर्सं झाली."

पदर खाली घ्यायला सांगितला. माथ्यावर केस विरळ, खाली राखाडी पापुद्रा, आणि पापुद्र्यात तेच काळे ठिपके. वयाने केस गेले असं सगळ्यांनी धरलं होतं, कोंड्यासाठी मेडिकलमधून ट्यूब आणली होती. बटव्यातून त्यांनी ती काढून दाखवली: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टिरॉइड एकाच नळीत. खाज दबते आणि बुरशी वाढत राहते. वयात येताना टाळूवर जे तेल सुटतं ते बुरशीला सहसा टिकू देत नाही, म्हणून हा आजार मुख्यतः लहान मुलांचा. पाळी गेल्यावर ते तेल कमी होतं, आणि साठीच्या बाईच्या डोक्यात नायटा असेल हे डॉक्टरांच्याही मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

नखाचा नमुना टोकाचा कापून पाठवला की हमखास काही सापडत नाही, कारण टोकाला बुरशी मेलेली असते. मी उचललेला भाग कापून काढला आणि जिथे खराब नख चांगल्याला भिडतं तिथला भुगा खालून खरवडला. केओएच चाळीस टक्क्यांचं, आणि रात्रभर. तपासल्याशिवाय नखाला गोळ्या देऊ नयेत, कारण खराब दिसणाऱ्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी असते, बाकी सोरायसिस, मार, चिखलपाणी. आजींच्या नखात बुरशीचे धागे दिसले, आणि पुढे नखातून आणि टाळूतून तीच जांभळी बुरशी वाढली.

"नखाला गोळी खात्यात व्हय?" त्या हसल्या. मी त्यांचा अंगठा हातात घेतला. ज्या नखावर त्या मलम चोळत होत्या ते मेलेलं होतं, जिवंत भाग मांसाखाली, मुळाशी. गोळी तिथे पोचते आणि चांगलं नख मागून ढकललं जातं. हाताच्या नखांना टर्बिनाफिन रोज २५०, सहा आठवडे. त्यातच टाळूही येते. पायाचं नख असतं तर बारा आठवडे लागले असते. गोळ्या संपल्यावरही औषध नखात महिनोन्महिने राहतं, म्हणून गोळ्या सहा आठवड्यांच्या आणि नख साफ दिसायला सहा महिने. हे आधी सांगितलं नाही तर गोळ्या संपल्यावर लोक म्हणतात, काही फरक नाही.

लिव्हरची रक्ततपासणी ठीक आली. पण ब्लडप्रेशरसाठी त्या मेटोप्रोलॉल घेत होत्या, आणि टर्बिनाफिनमुळे मेटोप्रोलॉल रक्तात साठून नाडी फार मंदावू शकते. ते एकदम तोडणंही धोक्याचं. त्यांच्या फिजिशियनना फोन केला, त्यांनी ते हळूहळू कमी करून दुसरं सुरू केलं, मगच माझी गोळी. आठवडा गेला, पण घाई कशाची नव्हती.

पहिल्या दिवशी अंगठ्याच्या नखावर, चांगलं आणि खराब जिथे भेटतं तिथे, ब्लेडने बारीक आडवी रेघ मारली. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर ती पुढे सरकायला हवी, आणि रेघेच्या मागे सगळं गुलाबी हवं. दोन महिन्यांनी पट्टी लावली: सहा. मागे स्वच्छ नख. मुलाचीही दुसरी चार आठवड्यांची फेरी तोवर संपली होती, नमुना कोरा.

कुणी कुणाला दिलं हे रिपोर्ट सांगत नाही. आजींच्या नखाचं वय बघता मला त्यांच्याकडूनच वाटतं, पण ते मी घरी बोलले नाही. मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा कायमची राहिली आहे, चिरेमुळे किती आणि उशिरामुळे किती हे मला वेगळं करता येत नाही. आणि दुसरी लागण तर पहिल्या भेटीत आजींना बोलावलं असतं तर टळली असती.

आई सांगत होती, जन्मल्यापासून रोज संध्याकाळी आजीच त्याला मांडीवर घेऊन डोक्याला तेल लावायच्या. आता ती लावू देत नाही.

"मॅडम, आता लावू का तेल?" आजींनी मागच्या भेटीत विचारलं.

नखाचा शेवटचा रिपोर्ट यायचा होता. मी म्हटलं, तीन आठवडे थांबा आजी. त्यांनी मान हलवली आणि हात पदराखाली घेतला.