मजुरांची ओळ फोडली आणि जमिनीची किंमत बदलली

कुठलं पीक किती एकरांत घेतलं तर नफा जास्तीत जास्त, हे काढणारं रब्बीचं मॉडेल या आठवड्यात पुढे सरकलं. निफाडकडचं, विहिरीवरचं १० एकर रान धरलंय. पिकं तीन: कांदा (K), गहू (G), हरभरा (H). आकडे गृहीत आहेत. पाणी एकर-पाळ्यांत मोजलंय, म्हणजे एका एकराला एक पाळी. मजूर दिवसांत, आणि उद्दिष्टात मजुरीसकट सगळा खर्च वजा जाऊन एकरी उरणारे हजार रुपये.

```
Max 60K + 18G + 15H
K + G + H <= 10
12K + 6G + 2H <= 54
60K + 12G + 12H <= 240
```

Excel च्या Solver मध्ये Simplex LP लावलं. कांदा २.५ एकर, गहू २.२५, हरभरा ५.२५, उरतात ₹२,६९,२५०. कांद्यात पैसा सगळ्यात जास्त, पण मजूर खातो पाचपट, म्हणून तो अडीच एकरांवर थांबतो. Shadow Price, म्हणजे एक एकर किंवा एक दिवस जादा मिळाला तर नफा किती वाढेल, तो जमिनीला एकरी ₹४,१२५, मजुराला दिवसाला ₹७८१ (रोजाच्या वर, कारण रोज आधीच वजा आहे).

आता हंगामभराचे २४० दिवस एकाच पोत्यात भरणं मला पटत नव्हतं. कांद्याची रोपं तयार झाली की लागवड पंधरवड्यात उरकावी लागते. तेव्हा ६ माणसं १२ दिवस मिळाली तर ७२ दिवस. एकरी ३० लागतात. म्हणून एक ओळ वाढवली:

```
30K <= 72
```

कांदा २.४, गहू २.५, हरभरा ५.१. नफा फक्त ₹३,७५० ने घटला, पण किमती पार उलटल्या. लागवडीच्या दिवसाला ₹१,२५०, हंगामभराच्या मजुराला शून्य आणि जमिनीला एकरी ₹१३,५००!

कारण सरळ आहे. आधी जादा रानासाठी मजूर कांद्यातून ओढावे लागायचे. आता ४.८ दिवस शिल्लक पडलेत, तेवढ्यात गहू-हरभऱ्याचं नवं रान कांद्याला धक्का न लावता निघतं. मात्र एकरी १२ दिवसांच्या हिशेबाने ते ०.४ एकरालाच पुरतात, आणि ही किंमत किती वाढीपर्यंत टिकते ते सांगणाऱ्या Allowable Increase च्या स्तंभात नेमका तोच आकडा दिसतो. त्यापुढे किंमत परत ₹४,१२५. म्हणजे शेजारचं अख्खं एक एकर घेतलं तर हाती ५,४०० + २,४७५ = ₹७,८७५. हंगामाचा खंड ₹१०,००० मागितला तर नुसता १३,५०० बघणारा खुशीत हो म्हणेल आणि तोट्यात जाईल. परीक्षेत हाच स्तंभ लोक वाचत नाहीत, असं माझं मत.

पुढचं काम पाण्याच्या ओळीचं. उन्हाळा लागला की विहीर उतरते आणि ५४ पाळ्यांपैकी कांद्याच्या शेवटच्या पाळ्याच अडतात, तेव्हा महिन्यांप्रमाणे ओळी पाडून बघतो.