माझा अनुभव: दार उघडं होतं, तरी रोबो दारातच थांबत होता

सांगलीच्या एका हळदीच्या गोदामात गेल्या हंगामात आमचा चाकांचा रोबो लावला. काम एवढंच, की थप्पीकडून नमुन्यांचे क्रेट उचलायचे आणि काट्याच्या खोलीत नेऊन ठेवायचे. त्यातले तीन आठवडे एका दारापाशी गेले. त्याचा राग अजून मनात आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बाकी जुळणी, मोटारी, `slam_toolbox`नं नकाशा करणं, हे सगळं चार दिवसांत उरकलं होतं.

जागा आधी डोळ्यापुढे आणा. 28 मीटर लांब बोळ. डाव्या हाताला गोदामाची गिलावा केलेली सपाट भिंत, उजव्या हाताला ताडपत्री ओढलेली पोत्यांची थप्पी. भिंतीत बरोबर मध्यावर, म्हणजे 14 मीटरवर, काट्याच्या खोलीचं 90 सेंमी रुंद दार. रोबो 46 सेंमी रुंद. लिडार, म्हणजे लेसरनं अंतर मोजणारा सेन्सर, पुढच्या बाजूला बसवलेला, पल्ला 12 मीटर, मागचं त्याला दिसत नाही. सौदे आणि गाड्या उतरवणं आटोपल्यावर रात्री आठनंतरच बोळ आमच्या ताब्यात यायचा, त्यामुळे रोज जेमतेम दोन तास मिळायचे.

रोबो दारापर्यंत यायचा, थांबायचा आणि स्क्रीनवर हे यायचं:

```
GridBased: failed to create plan with tolerance 0.50
```

दार सताड उघडं, मध्ये चिटपाखरू नाही, आणि रोबो म्हणतोय वाट नाही.

मी पहिला संशय कॉस्टमॅपवर घेतला. कॉस्टमॅप म्हणजे रोबो वाट काढण्यासाठी वापरतो तो 5 सेंमीच्या चौकटींचा तक्ता. अडथळ्याची चौकट सगळ्यात महाग, आणि तिच्या भोवतीनं किंमत हळूहळू उतरत जाते. ही उतरण किती लांब ठेवायची, ते `inflation_radius` ठरवतं. माझं 0.55 होतं, ते 0.20 केलं. फरक नाही. मग रोबोची त्रिज्याच 23 ऐवजी 18 सेंमी लिहून टाकली. आता वाट निघाली, पण रोबो थेट दाराच्या चौकटीवर गेला आणि लिडारची पट्टी वाकली. हे कुणी करू नका. रोबोची रुंदी ही सोयीनं कमी-जास्त करायची गोष्ट नाही.

कॉस्टमॅप पुसायचा आदेशही रोज दहा वेळा दिला. पुसला की पुढच्याच फेरीत लिडार तेच ठिपके पुन्हा टाकायचा, आणि नकाशातली भिंत तर पुसली जातच नाही. आरव्हिझ म्हणजे रोबोचा नकाशा आणि त्याला काय दिसतंय ते स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम. दारापाशी त्यात रोबोची जागा हातानं दाखवून दिली की मात्र रोबो सुरळीत आत जायचा. मला वाटायचं, थोडा वेळ गेला म्हणून सुटलं असेल. खरं उत्तर तिथंच होतं आणि मी ते पाहिलं नाही.

गुंता सुटला तो गोदामातल्या हमाल मामांमुळे. पाणी पिता पिता ते म्हणाले, "मोकळा असला की जातोय की ओ, वजन टाकलं की अडतोय बघा."

मी तीन आठवड्यांच्या नोंदी चाळल्या. मामांचं खरं होतं. रिकाम्या फेऱ्या जवळजवळ सगळ्या पार, आणि 40 किलोचे क्रेट ठेवलेल्या सगळ्या फेऱ्या दारात अडलेल्या.

त्या रात्री आरव्हिझमध्ये लोकल आणि ग्लोबल कॉस्टमॅप आळीपाळीनं लावून पाहिले. लोकलमध्ये दार चांगलं 90 सेंमी उघडं. ग्लोबलमध्ये त्याच दाराला दुहेरी चौकट, आणि मधली फट जेमतेम 47 सेंमी. माझ्या मांडणीत लोकलमध्ये फक्त लिडारला आत्ता दिसतं ते असतं. ग्लोबलमध्ये नकाशातली भिंत आणि लिडारची भिंत एकावर एक बसतात, आणि दोन्हींपैकी जी किंमत जास्त ती टिकते. नकाशातलं दार आणि खरं दार एकमेकांवरून 43 सेंमी सरकलेलं होतं, म्हणून दोघांना सामाईक अशी 47 सेंमीचीच मोकळीक उरली. 5 सेंमीच्या चौकटींत 46 सेंमीचा रोबो तिथून कसा जाणार? कॉस्टमॅप निर्दोष होता. रोबोला स्वतःची जागाच चुकीची वाटत होती. दार लोकलमध्ये उघडं आणि ग्लोबलमध्ये अरुंद दिसलं, तर `inflation_radius`ला हात न लावता आधी लिडारचे ठिपके नकाशाच्या भिंतीवर बसतात का ते बघा.

आता हे 43 सेंमी आले कुठून? चाकं हवेची, त्रिज्या 10 सेंमी लिहिलेली. नकाशा रिकाम्या रोबोनं केला होता, तेव्हा ती बरोबर होती. वजन पडलं की टायर दबतं आणि चाकाच्या एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जातं, पण ओडोमेट्री, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेलं अंतर, पूर्वीइतकंच मोजत राहते. क्रेट ठेवून, जमिनीवर टेप पसरून, सरळ चालवलं आणि हे बघत राहिलो:

```
ros2 topic echo /odom --field pose.pose.position
```

आकडा 5.00 मीटर झाला तेव्हा टेपवर 4.85 होते. म्हणजे 3 टक्के. 14 मीटर चालल्यावर रोबो स्वतःला सुमारे 43 सेंमी पुढे समजणार. तोच आकडा.

मग लिडार ही चूक का दुरुस्त करत नव्हता? दोन समांतर सपाट भिंतींमध्ये लिडारला आडवी जागा आणि तोंडाची दिशा नेमकी कळते, लांबीची जागा मात्र कळतच नाही. बोळात 5 मीटरवर उभं राहा नाहीतर 10 मीटरवर, दाराची कड सोडली तर दिसतं सारखंच. समोरची भिंत दारापासून 14 मीटरवर, म्हणजे पल्ल्याच्या बाहेर. नकाशावर रोबोची जागा ओळखण्याचं काम एएमसीएल हा प्रोग्राम करतो, आणि त्याचा प्रत्येक कण म्हणजे रोबो कुठे असेल याचा एक अंदाज. त्यात माझी भर अशी, की हे कण छान एकवटून दिसावेत म्हणून `alpha3`, म्हणजे कापलेल्या अंतरात किती चूक धरायची तो आकडा, मी 0.002 इतका खाली आणला होता. त्यामुळे कण ओडोमेट्रीच्या आकड्याभोवतीच गोळा व्हायचे. खऱ्या जागी एकही कण नसेल, तर दाराची कड दिसूनही उपयोग काय?

दुरुस्ती तीन जागी केली. चाकाची त्रिज्या 0.0985 मीटर लिहिली, म्हणजे रिकाम्या आणि भरल्या दोन्ही फेऱ्यांत चूक दीड टक्क्याच्या आसपास राहते. `alpha3` 0.02 केला, म्हणजे कण बोळाच्या लांबीत थोडे पसरतात. पण नुसते पसरून भागत नाही, त्यांच्यातून निवड करायला काहीतरी खूण लागते. म्हणून भिंतीवर लिडारच्या उंचीला प्लायवूडच्या तीन फळ्या आडव्या बाहेर काढून ठोकल्या, प्रत्येकी 30 सेंमी. अंतरं मुद्दाम असमान, नाहीतर रोबो एका फळीला दुसरी समजेल. फळ्या थप्पीच्या बाजूला लावू नका, थप्पी आठवड्यात हलते. फळ्या ठोकल्यावर रिकाम्या रोबोनं, पण चाकाची त्रिज्या तेवढ्यापुरती पुन्हा 0.100 करून, नकाशा नव्यानं केला. हे विसरलात तर फळ्या नकाशात येणारच नाहीत, उलट अडथळे म्हणून मध्ये येतील. रोबोची त्रिज्या आणि `inflation_radius` जुने, 23 सेंमी आणि 0.55, परत आणले.

आणखी एक, जे मी उशिरा केलं: टायरची हवा दर सोमवारी गेजनं बघतो. हवा उतरली की टायर जास्त दबतं आणि टेपची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतरच्या पहिल्या रात्री 40 किलो घेऊन रोबो निघाला. पहिल्या फळीपाशी आरव्हिझमधला कणांचा लांबट ढग एकदम आखडला आणि ठिपके भिंतीवर चपखल बसले. दारात तो न थांबता वळला आणि आत गेला. मामांनी काट्यावरून क्रेट उतरवून घेतले आणि म्हणाले, "आता दुसरी खेप आणा."