तक्ता पाठ असूनही

“सर, प्रेसिडन्सचा अख्खा तक्ता पाठ आहे. तरी ‘आउटपुट काय येईल’ या प्रश्नात माझं उत्तर का चुकतं?”

कारण तक्ता एकच गोष्ट सांगतो: कंस लिहिलेले नसतील तेव्हा ते कुठे आहेत असे समजावे. कोणता भाग आधी चालवला जाईल, भागाकारातला अपूर्णांक टिकेल की जाईल, आणि `++` ने बदललेली किंमत नेमकी केव्हापासून दिसू लागेल, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना सी शिकवताना मी पाहतो, की तक्ता न येणारा विद्यार्थी निदान सावधपणे वाचतो; तक्ता चोख पाठ असलेला मात्र या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच काढू लागतो आणि तिथे फसतो.

भागाकारापासून सुरुवात करतो, कारण त्याचे मूळ आपल्या शाळेत आहे. आपण सगळे ‘कंचेभागुबेव’ म्हणत मोठे झालो. त्यात भागाकार गुणाकाराच्या आधी येतो. सी मध्ये मात्र `*`, `/` आणि `%` एकाच पायरीवर आहेत आणि शेजारी शेजारी आले तर डावीकडून उजवीकडे गट पडतात. त्यामुळे `7 * 3 / 2` म्हणजे `(7 * 3) / 2`, म्हणजे 21 भागिले 2, म्हणजे 10. ‘आधी भागाकार’ हा शाळेतला क्रम अक्षरशः पाळला, तर 3 भागिले 2 म्हणजे 1 आणि उत्तर 7 येते. शाळेत हा फरक कधी जाणवला नाही, कारण तिथे 3 भागिले 2 म्हणजे दीड असतो आणि सात दीड म्हणजे साडेदहाच. गुणाकार आधी केला काय आणि नंतर केला काय, सारखेच. दोन्ही बाजूंना पूर्णांक असताना अपूर्णांक टाकून देणारा सी चा भागाकार आला, की तो फरक उघडा पडतो.

याच सापळ्याचे दुसरे रूप अधिक धूर्त आहे. एप्रिलमधल्या पुण्याचे 40 अंश सेल्सिअस फॅरनहाइटमध्ये सांगायचे आहेत असे समजा:

```c
int c = 40;
float f = 9 / 5 * c + 32;
printf("%f", f);
```

छापले जाते `72.000000`. बरोबर उत्तर 104 आहे. विद्यार्थी ठामपणे सांगतो की `f` तर `float` आहे, मग अपूर्णांक जाईलच कसा. पण भागाकार कोणत्या प्रकारचा होणार हे त्याच्या दोन्ही बाजूंच्या संख्या ठरवतात. निकाल पुढे कुठे साठवला जाणार याची त्या भागाकाराला खबरही नसते. 9 आणि 5 दोन्ही पूर्णांक, म्हणून `9 / 5` चे 1 झाले, त्याला 40 ने गुणून 32 मिळवले तेव्हा 72 झाले, आणि मगच त्या 72 चे `float` झाले. `c * 9 / 5 + 32` असे लिहिले तर 360 भागिले 5 होऊन 104 मिळते. मात्र तेही 40 हा आकडा सोयीचा आहे म्हणून. `c` 37 असेल तर 333 भागिले 5 मधला अपूर्णांक जाऊन 98 उरतात, खरे उत्तर 98.6 असूनही. अपूर्णांक हवाच असेल तर `9.0 / 5` लिहावे.

ऋण संख्यांचे एका वाक्यात सांगता येते: C99 पासून भागफल शून्याच्या दिशेने कापले जाते, म्हणून `-7 / 2` चे उत्तर `-3` आणि `-7 % 2` चे `-1`. पायथन आधी शिकून आलेली मुले इथे `-4` आणि `1` लिहितात, कारण पायथनचा `//` खालच्या पूर्णांकाकडे जातो. विषम संख्या ओळखायला `n % 2 == 1` लिहिणे त्यामुळेच धोक्याचे. `n % 2 != 0` लिहिले की ऋण संख्याही सुटत नाही.

आता ज्यात खरी गंमत आहे त्याकडे वळू. पुढच्या तीन ओळींचे आउटपुट कागदावर काढून पाहा.

```c
int i = 1, j = 0, k = 5, m;
m = i++ || j++ && ++k;
printf("%d %d %d %d", i, j, k, m);
```

तक्त्यात `&&` हे `||` च्या वर आहे. म्हणून तक्ता पाठ असलेला विद्यार्थी म्हणतो: आधी `j++ && ++k` करू. `j++` ची किंमत 0, म्हणून `++k` होणार नाही, पण `j` तर 1 झाला; मग `||` कडे येऊ, `i` 2 झाला. उत्तर, `2 1 5 1`. विचाराची मांडणी सुबक आहे आणि उत्तर चूक आहे. प्रत्यक्षात `2 0 5 1` छापले जाते.

`&&` वर असल्याचा अर्थ इतकाच, की पदावली `i++ || (j++ && ++k)` अशी वाचायची, `(i++ || j++) && ++k` अशी नाही. कंस पडले, तिथे तक्त्याचे काम संपले. आता ही `||` ची पदावली आहे, आणि `||` चा स्वतःचा नियम असा की डावी बाजू आधी पूर्ण करायची आणि ती खरी निघाली तर उजवीकडे पाहायचेच नाही. `i++` ची किंमत जुनी, म्हणजे 1, म्हणजे खरी. उजवीकडचा संपूर्ण कंस तसाच राहिला. `j` ला आणि `k` ला कोणी हात लावला नाही.

`i` ची सुरुवात 0 ने केली तर काय होईल, हे मी लगेच विचारतो. डाव्या बाजूची किंमत 0, पण तेवढ्यात `i` 1 झालेला आहे. आता उजवीकडे जावेच लागते. `j++` ची किंमत 0, `j` 1 झाला, आणि `&&` ची डावी बाजू खोटी ठरल्याने `++k` पुन्हा टळले. छापले जाईल `1 1 5 0`. इथे पुष्कळजण `m` पाशी चुकतात: शेवटी `i` आणि `j` दोन्ही 1 दिसतात, म्हणून `m` ही 1 असेल असे त्यांना वाटते. तपासणी जुन्या किमतींवर झाली, हे तोवर विसरलेले असते. म्हणून कच्च्या कागदावर प्रत्येक `++` साठी दोन आकडे लिहायला सांगतो: पदावलीला दिलेला आणि चलात उरलेला.

हे सगळे निश्चितपणे सांगता येते, कारण `&&`, `||`, `?:` आणि स्वल्पविराम हा ऑपरेटर यांच्या डाव्या बाजूनंतर एक ठरलेला थांबा येतो. सी च्या प्रमाण दस्तऐवजात त्याला सिक्वेन्स पॉइंट म्हणतात. त्या थांब्याआधीचे सारे बदल पुढे जाण्यापूर्वी पूर्ण झालेले असतात. `+`, `*` किंवा फंक्शनच्या दोन आर्ग्युमेंट्सच्या मध्ये असा थांबा नसतो. आर्ग्युमेंट्समधला स्वल्पविराम फक्त विभाजक आहे, तो स्वल्पविराम-ऑपरेटर नव्हे. त्यामुळे अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या जुन्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांत हमखास दिसणाऱ्या पुढच्या धाटणीच्या प्रश्नाला खरे म्हणजे उत्तरच नाही:

```c
int i = 5;
printf("%d %d %d", i, i++, ++i);
```

टर्बो सी मध्ये आर्ग्युमेंट्स उजवीकडून डावीकडे स्टॅकवर ढकलले जातात. म्हणून `++i` चे 6, मग `i++` चे 6, मग `i` चे 7, आणि पडद्यावर `7 6 6`. क्लँग डावीकडून जातो, म्हणून `5 5 7`. जीसीसीवर मला `7 6 7` दिसले आहे: तोही उजवीकडून जातो, पण `++i` चा आकडा तिथल्या तिथे बाजूला न काढता सगळे झाल्यावर `i` मधून वाचतो, आणि तोवर `i` 7 झालेला असतो. तिन्ही कंपायलर नियमात आहेत, कारण मोडायला नियमच नाही. मधे थांबा नसताना एकच चल दोनदा बदलले, किंवा एकीकडे बदलले आणि दुसरीकडे त्या बदलाशी संबंध नसताना वाचले, तर वर्तन अनिश्चित आहे असे प्रमाण सांगते. `i = i++ + ++i` तसेच, `a[i] = i++` तसेच, आणि निरुपद्रवी दिसणारे `i = i++` सुद्धा तसेच. `i++ + j++` मात्र निर्धोक, कारण तिथे चले दोन आहेत.

‘आर्ग्युमेंट्स उजवीकडून सोडवतात’ हा नियम म्हणून शिकवला जातो, याचे मला वाईट वाटते. ती एका जुन्या कंपायलरची सवय होती. आपल्याकडे अनेक प्रयोगशाळांत तोच कंपायलर दीर्घकाळ राहिल्यामुळे तिला नियमाचे रूप आले. संशय आला तर जीसीसीला `-Wall` देऊन पाहावे. वरच्या प्रश्नावर तो `operation on ‘i’ may be undefined` असे बजावतो, आणि `||` व `&&` च्या उदाहरणावर कंस घालण्याची सूचना करतो. पण इशारा आला नाही म्हणजे पदावली सुरक्षित, असे समजू नये. पॉइंटरमार्फत तेच चल बदलले जात असेल, जसे `i++ + (*p)++` मध्ये `p` हा `i` कडेच बोट दाखवत असेल, तर कंपायलरला ते सहसा कळत नाही.

म्हणून प्रश्न हाती आला की मी आधी तक्त्याने कंस घालतो, मग प्रत्येक भागाकाराच्या दोन्ही बाजूंचे प्रकार पाहतो, आणि एकही आकडा काढण्यापूर्वी एकच चल थांब्याविना दोनदा हाताळले आहे का ते शोधतो. तसे आढळले तर पुढचे गणित करण्यात अर्थ नाही. प्रवेश-चाचणीत चार आकड्यांचे पर्याय असतील आणि ‘अनिश्चित’ हा त्यांत नसेल, तर प्रश्नकर्त्याच्या मनात बहुधा टर्बो सी आहे असे धरून उजवीकडून सोडवावे आणि पुढच्या प्रश्नाकडे जावे. हिंजवडीत समोरासमोर मुलाखत असेल तर मात्र आकडा सांगू नये. `i` कुठे कुठे बदलला आणि मधे थांबा का नाही, हे दाखवावे, आणि आग्रहच झाला तर कोणत्या कंपायलरवर काय छापले जाईल ते वेगवेगळे सांगावे.