निम्माच माल का बांधला: आगाऊ सौद्याचा माझा अनुभव

सोयाबीन फुलोऱ्यात असतानाच एका खरेदीदाराने विचारलं, "काढणीनंतरच्या मालाचा भाव आत्ताच ठरवायचा का?" आकडे सोपे राहावेत म्हणून माझा क्विंटलमागचा खर्च 100 धरतो. त्याने 118 देऊ केले. चाळीस क्विंटल होतील असा अंदाज होता, म्हणजे एकूण खर्च 4000.

सगळा माल बांधून टाकावा असं आधी वाटलं. पण करार वाचताना एका कलमावर थांबलो. ठरल्यापेक्षा माल कमी पडला, तर तेवढा माल बाजारातून घेऊन द्यायचा किंवा भावातला फरक भरायचा. पीक अजून शेतात उभं होतं आणि मी वजनाचं वचन देणार होतो! भाव पडण्याची भीती घालवताना पीक कमी येण्याची जोखीम मी अंगावर घेत होतो.

मग उलटा हिशेब मांडला. वीस क्विंटल 118 ने बांधले तर 2360 पक्के. उरलेले 1640 बाकीच्या वीस क्विंटलमधून निघायला हवेत, म्हणजे बाजार 82 पर्यंत घसरला तरी खर्च भरून येतो. माझ्या दृष्टीने एवढा वाव पुरेसा होता. निम्माच सौदा केला. माल कधी, कुठे पोचवायचा, काट्यावर कोणाचं वजन धरायचं, पैसे किती दिवसांत मिळणार आणि खरेदीदाराने माल नाकारला तर काय, हे लिहून घेतलं. थोडी रक्कम आगाऊही घेतली, कारण भाव पडला की मागे हटण्याचा मोह त्यालाच होणार.

शेंगा भरायच्या वेळी पावसाने ओढ दिली. चाळीसऐवजी चौतीस क्विंटल आले. इतरांचंही पीक घटलं होतं, त्यामुळे बाजार 135 वर गेला. दुष्काळात भाववाढ आणि पिकाची तूट बहुधा एकत्रच येतात, आणि सगळा माल बांधणारा नेमका तिथेच सापडतो. माझे वीस क्विंटल 118 ने गेले, चौदा 135 ने, मिळून 4250. सगळा माल बांधला असता तर सहा क्विंटलची तूट 135 ने भरून हाती 3910 उरले असते, खर्चापेक्षाही कमी. काहीच बांधलं नसतं तर 4590 मिळाले असते, हेही खरं. ते 340 मला टोचतात. पण फुलोऱ्याच्या वेळी बाजार 85 वर जाईल की 135 वर, हे मला कळायला मार्ग नव्हता.

ओलाव्याने मात्र जरा दमवलं. करारात 12 टक्क्यांची मर्यादा होती, पहिला नमुना 14 निघाला. दोन दिवस ऊन देऊनच माल काट्यावर नेला.

पुढच्या हंगामासाठी बोलणी सुरू आहेत. या वेळी क्विंटलऐवजी ठरावीक क्षेत्रातून येईल तेवढा माल, असं लिहून मागतोय. खरेदीदार त्यासाठी भाव थोडा कमी सांगतोय.