मंगळवारची पालकभेट गुरुवारी

लेक इथे जर्मनीत दुसरीत आहे. शाळेचे निरोप येण्यासाठी तिच्या दप्तरात एक वेगळी फाइल असते, तिला पोस्टमाप्पं म्हणतात. रोज संध्याकाळी ती उघडायची सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे.

गेल्या आठवड्यात तिच्यात वर्गशिक्षिकेची चिठ्ठी होती. पालकभेट मंगळवार, १८ नोव्हेंबरवरून गुरुवार, २० नोव्हेंबरवर गेली आहे, वेळा नव्याने ठरतील, असा मजकूर होता. माझी नजर आधी दिसलेल्या मंगळवारवरच थांबली आणि मी कॅलेंडरला हात लावला नाही. जर्मनमध्ये अशा वाक्यात 'फॉम' नंतर जुना दिवस येतो आणि 'आउफ' नंतर नवा. 'पुढे ढकलली' हे क्रियापद मात्र अगदी शेवटी. तिथपर्यंत वाचल्यावर चूक कळली.

चिठ्ठीच्या तळाला कापून द्यायची पट्टी होती. तीन वेळांपैकी सोयीची निवडायची, सही करायची आणि शुक्रवारपर्यंत मुलीबरोबर परत पाठवायची. पट्टी नाही गेली तर पालकांनी निरोप वाचला की नाही, हे बाईंना कळणार कसं? मी दुसरी वेळ निवडली, पण ती आधीच कुणीतरी घेतली होती. म्हणून बाईंचा फोन आला: "हाल्ब फ्युन्फ चालेल का?"

फ्युन्फ म्हणजे पाच, हाल्ब म्हणजे अर्धा. मी मनात साडेपाच धरले आणि हो म्हणून टाकले. फोन ठेवल्यावर शंका आली. आपलं 'साडे' झालेल्या तासावर अर्धा चढवतं, जर्मन 'हाल्ब' मात्र येणाऱ्या तासाचा अर्धा मोजतं. पाचाच्या वाटेवरचा अर्धा, म्हणजे साडेचार! भेट दहा मिनिटांची आणि पालक एकामागून एक ठरलेले. तासभर उशिरा गेले असते तर माझी पाळी केव्हाच संपलेली असती.

दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये एक ओळ लिहून पाठवली: 'गुरुवार, २०.११., १६:३० वाजता येते. बरोबर?' वार, तारीख आणि चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ, तिन्ही एकत्र. वार आणि तारीख जुळली नाही तर चूक लगेच दिसते, आणि १६:३० ला कुठल्याच भाषेत दुसरा अर्थ नाही. बाईंनी खाली 'या' लिहून सही केली. 'या' म्हणजे हो.

गुरुवारी पाच मिनिटं आधीच वर्गाबाहेरच्या छोट्या खुर्चीवर जाऊन बसले. दहा मिनिटांतली निम्मी बाईंनी एकाच गोष्टीला दिली: लेक वाचते छान, पण उत्तर येत असूनही हात वर करत नाही. आता घरी जेवताना तिला रोज एक प्रश्न विचारते आणि उत्तराआधी हात वर करायला लावते. काल तिने मी विचारायच्या आधीच हात वर केला.