फ्लेक्सस्प्लाइन, की लवचीक चक्र?

यंत्रमानवाच्या सांध्यातल्या स्ट्रेन वेव्ह गिअरची जुळणी-पुस्तिका मराठीत करायची होती. गिअरचे भाग तीनच, पण एकालाही मराठीत रुळलेलं नाव नाही. पहिला भाग म्हणजे पातळ पोलादी वाटी, तिच्या काठाला बाहेरून बारीक दात. दुसरा जाड, ताठ कडं, त्याला आतून दात. तिसरी लंबवर्तुळी चकती, तिच्यावर पातळ बेअरिंग. ही चकती वाटीत बसवली की वाटी दोन समोरासमोरच्या टोकांना ताणली जाते आणि तिचे दात तेवढ्याच जागी कड्याच्या दातांत शिरतात. वाटीला २०० दात आणि कड्याला २०२ असतील, तर चकतीच्या पूर्ण फेऱ्यात वाटी दोन दात उलट सरकते. म्हणजे १०० फेऱ्यांना एक फेरा.

पहिल्या मसुद्यात सगळे शब्द घडवले होते. वाटीला ‘लवचीक चक्र’, कड्याला ‘स्थिर चक्र’, चकतीला ‘तरंग जनित्र’. कागदावर छान दिसत होते. जुळणीच्या टेबलावर मसुदा ठेवला आणि फिटरने दुसऱ्याच पायरीला हात थांबवला. “साहेब, स्थिर म्हणजे कोणतं? या युनिटात तर कडंच फिरतंय.”

त्याचं बरोबर होतं. कडं घट्ट धरून वाटीवरून गती घेतली तर १०० ला १ मिळतं आणि दिशा उलटते. वाटी धरून कड्यावरून घेतली तर १०१ ला १ मिळतं, दिशा तीच राहते. दोन्ही मांडण्या सर्रास वापरतात. आम्ही कड्याचं नाव एका मांडणीतल्या कामावरून ठेवलं होतं, त्यामुळे मांडणी बदलताच ते खोटं ठरलं. कड्याचं इंग्रजी नाव ‘सर्क्युलर स्प्लाइन’ आकार आणि दातांवरून आहे, म्हणून ते कुठेही टिकतं. मग ‘वर्तुळ चक्र’ म्हणावं? पण टेबलावर मांडलेले तिन्ही भाग गोलच दिसतात; कोणता उचलायचा हे त्या शब्दातून कळत नाही.

‘तरंग जनित्र’ ऐकून दुसऱ्या फिटरने वीज कुठून येते असं विचारलं. जनित्र म्हटलं की वीजच डोळ्यांसमोर येते. इथला तरंग म्हणजे वाटीच्या पत्र्यात फिरत जाणारा फुगवटा. पुढची अडचण भांडारात आली. पाकिटावर फ्लेक्सस्प्लाइन छापलेलं आणि मागणीपत्रात लवचीक चक्र लिहिलेलं. मधल्या माणसाला दर वेळी तक्ता काढावा लागला असता.

म्हणून तिन्ही भागांची नावं लिप्यंतरित केली: फ्लेक्सस्प्लाइन, सर्क्युलर स्प्लाइन, वेव्ह जनरेटर. ‘जनरेटर’मुळेही विजेचा घोळ होऊ शकतो, पण निदान पाकिटाशी नाव जुळतं. प्रत्येक नाव पहिल्यांदा येतं तिथे एका ओळीत ओळख दिली, उदाहरणार्थ ‘बाहेरून दात असलेली पातळ वाटी’. लिप्यंतर केलं तरी काम संपत नाही. लिंग ठरवावं लागतं. फिटरांच्या तोंडी ‘स्प्लाइन कापली’ असतं, म्हणून सगळीकडे स्त्रीलिंग. लेखनही एकच हवं. घाईत एक स गळून ‘फ्लेक्सप्लाइन’ होतं आणि मग शोध घेतला की निम्म्या जागा सापडत नाहीत.

दोषांच्या बाबतीत मात्र निर्णय उलटा झाला. दोष पाकिटात येत नाही, तो समजावा लागतो. जुळणी चुकली की एका बाजूचे दात जास्त सरकून बसतात आणि वाटी मध्यापासून ढळते. याला इंग्रजीत डिडॉइडल म्हणतात, आणि हे लिप्यंतर वाचून कोणालाच काही कळेना. आम्ही ‘एकांगी बसणी’ लिहिलं. फिटरने लगेच दोन्ही हातांनी वाटी एका बाजूला झुकवून दाखवली. म्हणजे शब्द लागू पडला. भार जास्त झाल्यावर दात एकमेकांवरून निसटतात, त्याला ‘दात सटकणे’ असं त्यांचंच नाव होतं, तेच ठेवलं. दात सटकल्यावरही एकांगी बसणी होऊ शकते, हे त्याच पानावर आलं.

एकांगी बसणीची पायरी शेवटी अशी छापली: ‘फ्लेक्सस्प्लाइन आणि सर्क्युलर स्प्लाइन आधी जागेवर बसवा. वेव्ह जनरेटर शेवटी, हलक्या हाताने फिरवत आत सरकवा; ठोकू नका. नंतर फ्लेक्सस्प्लाइनच्या बाजूला डायल गेज लावून वेव्ह जनरेटर फिरवा. काट्याची चढउतार दर वेळी सारखी हवी. एक चढ मोठा, एक लहान आला तर बसणी एकांगी आहे. वेव्ह जनरेटर काढून पुन्हा बसवा.’

‘डिडॉइडल’ हा शब्द फक्त शेवटच्या सूचीत, एकांगी बसणीच्या समोर ठेवला, कारण पुरवठादाराशी बोलताना तोच लागतो.